कानकापीची पिल्लं

आम्ही हिंगोलीत आलो तेव्हा मला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती आणि कुत्र्यांची भीती वाटत नव्हती. गल्लीतल्या बायकांना या दोन्ही गोष्टींचं सारखंच नवल. भाकरी पुढं जमली. भीती मात्र मला बाकी सगळ्याची वाटते, अजूनही. गॅस बंद केला का, कडी लावली का, कुणी आपल्यावर रागावलं तर नाही ना. कामावरच्या शेडमधल्या, कुत्र्यांच्या पिंजऱ्यांच्या कड्या मी संध्याकाळी तपासायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा तपासायचे.

मी समुद्राकाठची. सातवीनंतर शाळा सुटली आणि मासळी निवडायच्या कामाला लागले. नवऱ्याचा हात जाळं फेकण्यात तयार होता. आमच्याकडच्या एका गावात भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणारी संस्था आली होती. त्यांना जाळं टाकणारा माणूस हवा होता. मासे कमी झाले होते, म्हणून हे गेले. त्यांच्यामागून मी गेले, पिंजरे धुवायला आणि ऑपरेशन झालेल्या जनावरांना खाऊ घालायला. पुढं संस्थेला हिंगोलीच्या नगरपरिषदेचं काम मिळालं. संस्थेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "येणार का? लांब आहे." मला नाही म्हणता येत नाही. इतकं लांब असतं हे मात्र गाडीत बसल्यावर कळलं.

शेड गावाबाहेर, हळदीच्या एका जुन्या गोदामात. पहिले काही आठवडे कुत्रीसुद्धा पिवळी दिसायची. राहायला खोली मिळेना. कुत्री पकडणारे म्हटलं की लोक दार लोटून घ्यायचे. मावशींनी मात्र विचारलं, "तुमी त्यांना मारता का?" मी म्हटलं, "नाही." "मंग राहा." एवढंच. मावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. नवरा वारलेला, मुलगी पुण्याला नर्स. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली त्यांचं शिवणाचं मशीन. मागची खोली आमची. त्यांनी मला भाकरी शिकवली, तापात डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. त्यांचे उपकार मला कसे फेडायचे ते कळत नाही. म्हणून मी त्यांचं अंगण झाडते आणि त्या रागावतात.

गल्ली लहान. एका टोकाला मामूंचं मटणाचं दुकान. दुसऱ्या टोकाला दादांची पिठाची गिरणी, आणि त्यापुढं मोठा रस्ता. मधे पंधरा-वीस घरं आणि उघडी नाली. मामूंच्या दुकानामागं कातडीचे, आतड्याचे तुकडे पडायचे, घराघरातून शिळंपाकं पडायचं. जिथं खायला आहे तिथं कुत्री असतातच.

काम कसं चालतं ते मला गल्लीत इतक्यांदा सांगावं लागलं की आता झोपेतही सांगता येईल. पहाटे गाडी निघते. जाळ्यानं किंवा हातानं कुत्रं पकडायचं, चिमटा वापरायचा नाही. ते कुठल्या गल्लीतून उचललं त्याचा बिल्ला गळ्यात घालायचा, कारण परत तिथंच सोडायचं असतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं. मादीची गर्भपिशवी आणि अंडाशय काढतात, नराची वृषणं. भूल असतानाच कानाच्या कडेला एक छोटी खाच घेतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. म्हणजे लांबून कळावं की याचं झालं आहे, पुन्हा पकडायला नको. पिसाळण्याची लस टोचतात. मग चार-पाच दिवस माझ्याकडं. टाका सुजला का, खातंय का, चाटतंय का, ते बघायचं. बरं झालं की जिथून आणलं तिथं. मांजरांचंही करतो आम्ही. धान्याच्या गोदामातली मांजरं पिंजऱ्यात सुकटीचा तुकडा ठेवून धरायची. त्यांच्या कानाला खाच नसते, डाव्या कानाचं टोक सरळ कापतात.

हे सगळं ऐकून झाल्यावर लोकांचा प्रश्न एकच. दादा गिरणीच्या दारात पिठानं पांढरे होऊन उभे असायचे. म्हणायचे, "उचललं ते उचललं, परत काहून आणता? नेऊन टाका की जंगलात."

याचं उत्तर मला मॅडमनी शिकवलं होतं, पण पटलं ते मावशींच्या तोंडून. त्या म्हणाल्या, "काही सालामागं इथली समदी कुत्री जहर घालून मारली व्हती. नालीत पडली व्हती फुगून. वास जायना. पुढच्या थंडीत पुन्हा तेवढीच. कुठून आली कोण जाणे. स्टेशनाकडून आली, बाजारातून आली. नवी कुत्री व्हती, कुणाला ओळखत न्हवती. माणसावर धावायची." मॅडमही तेच म्हणतात. जागा आणि खाणं तसंच ठेवून कुत्री काढली की जागा रिकामी राहत नाही. बाहेरची येतात आणि ती व्यालेली असतात किंवा वेणार असतात. त्यापेक्षा आपलीच राहू द्यावीत. त्यांना पिल्लं होत नाहीत, लस झालेली असते आणि बाहेरच्याला ती आत येऊ देत नाहीत. वर्षं जातात तशी ती म्हातारी होऊन कमी होतात. वेळ लागतो. लोकांना मात्र उद्या सकाळीच कमी झालेली हवी असतात.

आमच्या गल्लीचं काम उन्हाळ्यात झालं. बदामी, पांढरी, तिची बहीण, काळा, लंगडा, सगळी माझ्या हाताखालून गेली. पांढरीनं मला चावायला पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर तोंड ठेवलं. पावसात गाडी पुन्हा एकदा गल्लीत फिरली, कुणी राहिलंय का बघायला. ह्यांनी मॅडमना सांगितलं, "त्या गल्लीत सगळी झालीत. एक नवी दिसली, तिचाही कान कापलेला आहे." तेव्हा मी गल्लीत जाहीर करून टाकलं, "आता आपल्यात कुणी राहिलं नाही." मला वाटलं होतं लोक खूश होतील. झालेही. मामूंनी कलेजी दिली.

भाद्रपद इतका शांत गेला की मावशींनाच चुकल्यासारखं वाटलं. दरवर्षी त्या दिवसांत एका मादीमागं सात-आठ कुत्री, रात्रभर भुंकणं, मारामाऱ्या, मोटरसायकलवाल्याच्या मागं लागणं. ते काहीच नाही. ऑपरेशन झालं की मादी माजावर येत नाही, त्यामुळं नरांची झुंड जमत नाही. लोकांनी हे बघितलं, पण कुणी मुद्दाम बोललं नाही. नसलेल्या आवाजाबद्दल कोण बोलतं?

आणि मग मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर, गिरणीमागच्या पडक्या न्हाणीत त्या नव्या कुत्रीनं पिल्लं घातली.

गल्ली तिला कानकापी म्हणायची. करड्या रंगाची, हडकुळी, दोन्ही कान तोकडे. व्याल्यावर ती फार तापट झाली. न्हाणीच्या बाजूनं कुणी गेलं की धावायची. दादांची मुलगी पाचवीला होती आणि तिचा शाळेचा रस्ता नेमका तिथूनच. एका सकाळी कानकापी तिच्यावर झेपावली. चावली नाही, पण फ्रॉकचा काठ फाटला आणि पोरगी नालीत पडली. गुडघा फुटला. दादा तिला उचलून आणत होते तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर ते जे बोलले त्याचा मला राग आला नाही.

संध्याकाळी मामूंच्या दुकानासमोर माणसं जमली. मला बोलावणं आलं. हे गाडीबरोबर वसमतला गेले होते. मावशी म्हणाल्या, "चल, मी हाय."

दादा म्हणाले, "हे बघा कोकणवाल्या बाई. तुमी म्हणल्या सगळ्यांचं आपरेशन झालं. मंग ही पिल्लं काय आभाळातून पडली? कान कापून सोडून देता आन् पैसे खाता."

एक बाई म्हणाली, "कान तर कापलेला हाय की तिचा. म्हंजे आपरेशन झालेलीच. आन् पिल्लं झाली! बोगस हाय समदं."

"मी टेम्पोवाल्याला सांगितलं आहे," दादा म्हणाले. "परवा सकाळी येतो. एकटी कानकापी न्हाई, गल्लीतली झाडून सगळी भरायची आन् कनेरगाव नाक्याच्या पुढं सोडायची. तिथं ढाबे हायत, खातील. आमच्या लेकरांच्या जिवावर उठलेली कुत्री नको."

पांढरी, बदामी, काळा, लंगडा. नाक्यावर हायवे आहे. अनोळखी जागी सोडलेलं कुत्रं परत घराकडं निघतं, रस्त्यावर येतं आणि ट्रकखाली जातं, नाहीतर तिथली कुत्री त्याला फाडतात. शिवाय कुत्री अशी दुसरीकडं नेऊन टाकणं कायद्यात बसत नाही. पण कायदा मी कुणाच्या तोंडावर सांगणार? मावशींनी माझ्या कोपराला ढुसणी दिली.

मी म्हटलं, "दादा, मला तिचा कान एकदा बघू द्या."

"कान बघून काय व्हणार? पिल्लं बघ ना!"

"बघू दे रे," मामू दुकानातून म्हणाले. ते सुरा धूत होते. "बच्ची बोल रही है तो देखने दे. तुझं टेम्पो परवा हाय, आज न्हाई."

मी न्हाणीपाशी गेले. जवळ नाही, लांबच उकिडवी बसले, नजर खाली ठेवून. मावशींनी दिलेला भाकरीचा तुकडा टाकला. कानकापी गुरगुरत आली, तुकडा घेऊन मागं सरकली. खाताना तिनं मान वळवली आणि मी नीट बघितलं. आमची खाच एका कानाला असते, कडेला, त्रिकोणी. हिचे दोन्ही कान वरून कापलेले, आडवे, वेडेवाकडे, जुने. कडा जाड होऊन केस उगवलेले. हे मॅडमच्या हातचं काम नव्हतंच. पावसात, पहाटेच्या अंधारात, चालत्या गाडीतून ह्यांना नुसता तोकडा कान दिसला असणार. गोदामातल्या मांजरांचे सरळ कापलेले कान आम्ही रोज बघत होतो, त्यामुळं कापलेला कान म्हणजे झालेलं, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. आमच्या समुद्राकाठी कुणी कुत्र्याचे कान कापताना मी पाहिलं नव्हतं.

परत येऊन मी सांगितलं, "ही आमची खाच नाही. दोन्ही कान कुणीतरी पिल्लू असताना कापलेत."

मावशी हसायला लागल्या. "अगं बाई! शेतावरचं कुत्रं हाय व्हय ते! खेड्यात कापतात ना कान, कुत्रं तिखट व्हतं म्हणून. मला कसं सुचलं न्हाई?"

"तिखट झालंच की," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

मामूंनी सुरा पुसला आणि दादांकडं बघितलं. "अरे, ती तर तुझ्या मेव्हण्याची. नाक्यावरचं ढाबं बंद केलं त्यानं, तवा टेम्पोत घालून गिरणीवर आणून सोडली व्हती ना? राखणीला. भूल गया?"

दादांचा चेहरा पिठातही लाल दिसला. "राखणीला आणली व्हती," ते म्हणाले. "मला काय ठाऊक कान कशाचा. मी कुत्र्याचे कान बघत बसतो काय?"

"वा रे वा," मामू म्हणाले. "नाक्याचं कुत्रं गल्लीत, आता गल्लीचं कुत्रं नाक्यावर. तिकडचा माणूस पुन्हा इकडं आणून टाकंल. टेम्पोवाल्याचं बरं हाय बघ."

लोक हसले, पण दादा हसले नाहीत. त्यांचंही खरं होतं. ते म्हणाले, "हसा. तुमची पोरगी न्हाई पडली नालीत. कान कुणी का कापंना, कुत्री धावते का न्हाई? आन् बाकीच्यांचं आपरेशन खरं झालं कशावरून? मला काय पोट फाडून दाखवणार हाय?"

उत्तर दिलं ते बायकांनी, आपसांत बोलता बोलता. कुणी म्हणालं, पांढरी दरसाल आमच्या जिन्याखाली वेते, औंदा न्हाई व्याली. दुसरी म्हणाली, बदामीची मागल्या साली किती पिल्लं गाडीखाली गेली, मी पोराला डोळे झाक म्हणायची. औंदा एक न्हाई. तिसरी म्हणाली, तिच्या बहिणीचंही काही न्हाई. सगळ्या गल्लीत पिल्लं कुणाला? एकट्या कानकापीला, ती त्या दिवसांत स्टेशनाकडं हिंडत व्हती. मी मनातल्या मनात मावशींचे, त्या बायकांचे पाय धरत होते. हे मी सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

दादांनी अंगावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "ठीक हाय. बाकीची राहू द्या. कानकापीला उद्या उचला."

आणि इथं मला सगळ्यात अवघड बोलावं लागलं. मी म्हटलं, "उद्या नाही उचलता येणार."

"काहून?"

"पिल्लं अजून अंगावर पितात. डोळेसुद्धा उघडले नाहीत त्यांचे. आता तिला नेलं तर पिल्लं मरतील. ती खायला लागेपर्यंत, तिचं दूध आटेपर्यंत थांबावं लागेल. दोनेक महिने. लस मात्र लगेच टोचता येईल."

"दोन महिने!" दादा ओरडले. "दोन महिने माझ्या पोरीनं शाळा सोडायची? तू शाळा सोडली म्हणून सगळ्यांनी सोडायची काय?"

ते बोलून गेले. मावशी काहीतरी म्हणायला पुढं झाल्या. मी त्यांना धरलं. मला ते लागलं, पण त्यात खोटं काय होतं? मी म्हटलं, "नाही दादा. मी सोडीन तिला शाळेत. रोज. दुसऱ्या टोकाकडून, मामूंच्या दुकानावरून वळसा घालून. दुपारी आणीनही. कानकापीला उचलेपर्यंत. तिच्या अंगाला काही झालं तर टेम्पो बोलवा, मी स्वतः दार उघडीन."

हे बोलले आणि मला लगेच भीती वाटली. माझ्याच्यानं होईल का, शेडवर कामाला उशीर होईल, मॅडम काय म्हणतील. दादांनी खिशातून फोन काढला आणि टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "सकाळी सातला. बराबर."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "सांगून तर टाकलंस, आता निभव." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. ह्यांनी जाळं टाकलं, मॅडमनी लस टोचली आणि कानकापीला तिथंच सोडलं. न्हाणीच्या तोंडाला मामूंनी एक जुना पत्रा आडवा लावला, तिला येता-जाता येईल आणि पोरांना आत डोकावता येणार नाही असा. मामू आतड्याचे तुकडे आता पिंपात टाकायला लागले, नगरपरिषदेच्या गाडीसाठी. कधी टाकायचे, कधी विसरायचे. दुकानामागं जास्त पडलं की स्टेशनाकडची कुत्री यायची. मग काळा आणि लंगडा त्यांना नालीपलीकडं हाकलून यायचे, अन् मामू म्हणायचे, "ये देखो, मेरे हवालदार."

मुलगी पहिले काही दिवस माझ्याशी बोलली नाही. दप्तर माझ्याकडं देऊन पुढं चालायची. मग एकदा तिनं विचारलं, "तुम्ही कितवीपर्यंत शिकल्या?" सातवी म्हटल्यावर म्हणाली, "म्हंजे माझ्याहून पुढं." मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी शेडवर जाऊन ते मॅडमना सांगितलं. नंतर ती प्रश्न विचारायला लागली. ऑपरेशन करताना कुत्रं रडतं का? नाही, झोपलेलं असतं. उठल्यावर दुखतं का? दुखतं, त्याचं इंजेक्शन देतात. त्याला पिल्लं नको असतात का? इथं मी अडखळले. म्हटलं, "ते आपल्याला कळत नाही. पण किती पिल्लं जगतात ते कळतं."

कानकापीचीही सगळी जगली नाहीत. एक थंडीत गेलं, एक मोठ्या रस्त्यावर. ते मुलीनंच पाहिलं, मी तिचा हात धरला होता. ती रडली नाही. म्हणाली, "आपली पांढरी दरसाल असंच करायची का?" मी म्हटलं, "हो, दरसाल." उरलेल्यांतलं एक मावशींच्या नात्यातल्या कुणीतरी औंढ्याकडच्या शेतावर नेलं. मावशींनी त्याला दम भरला, "कान कापलेस तर बघ." दोन गल्लीतच राहिली. ती सहा महिन्यांची झाली की त्यांची पाळी.

पिल्लं भाकरी खायला लागली, कानकापीचं दूध आटलं, तेव्हा ह्यांनी तिला एका सकाळी उचललं. गाडीत ती इतकी शांत बसली की ह्यांना शंका आली. ऑपरेशनच्या वेळी मॅडम तिच्या कानांकडं बघत थांबल्या. खाच घ्यायची कुठं? वरची कड तर नाहीच. त्यांनी डाव्या कानाच्या बाहेरच्या कडेला, खाली जिथं कान शाबूत होता तिथं, नेहमीपेक्षा मोठी खाच घेतली. मला म्हणाल्या, "हिच्या बाबतीत पुन्हा कुणाची चूक व्हायला नको." चालत्या गाडीतून नुसता तोकडा कान दिसला तर ऑपरेशन झालेलं धरायचं नाही, उतरून बघायचं, हेही तेव्हाच ठरलं. त्यानंतर गावाकडून आलेली, कान कापलेली आणखी कुत्री निघाली. एकीला आमच्याच हिशोबात झालेली धरलं होतं आणि ती पोटुशी होती.

सोडायच्या दिवशी मी गाडीतून गेले. गल्लीच्या तोंडाशी, गिरणीसमोर, पिंजरा उतरवला. दादा गिरणी बंद करून बाहेर आले. मुलगी त्यांच्यामागं. शाळेला सुट्टी होती. दोन-चार बायका ओट्यावर उभ्या. मी कडी काढली. कानकापी बाहेर आली, अंग झाडलं, इकडंतिकडं हुंगलं आणि कुणाकडंही न बघता न्हाणीकडं गेली. पांढरी तिच्यामागं गेली, शेपटीचा वास घेतला, परत येऊन ऊन खात बसली. एवढंच झालं.

दादा म्हणाले, "आता धावणार न्हाई ना?"

मला हो म्हणायचं होतं. मॅडमनी शिकवलं आहे की जेवढं खरं तेवढंच सांगायचं. मी म्हटलं, "पिल्लांसाठी धावत होती, ते आता नाही. पण कुत्रं आहे. दगड मारला, जेवताना छेडलं, तर धावेल. चावलीच तर जखम लगेच साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि दवाखान्यात जायचं. कुत्र्याला लस झाली असली तरी जायचं."

"म्हंजे गॅरंटी न्हाई."

"नाही."

ते हसले. मला वाटतं माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच. म्हणाले, "आमच्या चक्कीलाही गॅरंटी न्हाई. तरी चालू हाय." मग मुलीला म्हणाले, "सोमवारपासून आपल्या रस्त्यानं जा. एकटी."

मुलगी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "मी आणखी दोन-तीन दिवस येते. तिला परत सवय होऊ दे."

"तिला का तुला?" मावशी ओट्यावरून म्हणाल्या, आणि सगळ्या बायका हसल्या. मी रिकामा पिंजरा उचलून गाडीत ठेवला. ह्यांनी गाडी सुरू केली. आम्हाला पुढच्या गल्लीत जायचं होतं. तिथल्या लोकांनी सकाळपासून दोन फोन केले होते, येताय का म्हणून.